‘ठेवावी’ की ‘ठेवलीच पाहिजे’: गिझरच्या पुस्तिकेतील सक्ती आणि सल्ला

साठवणीच्या गिझरच्या इंग्रजी पुस्तिकेत दोन वाक्ये हमखास जवळजवळ सापडतात. सेफ्टी व्हॉल्व्हमधून निघणारी नळी हवेत उघडी राहिली पाहिजे, हे पहिल्या वाक्यात ‘मस्ट’ वापरून सांगितलेले असते. दुसऱ्यात टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेल्या अ‍ॅनोड रॉडची वेळोवेळी तपासणी ‘शुड’ने सुचवलेली असते. मराठी अनुवादक सवयीने दोन्हीकडे विध्यर्थ वापरतो: ‘नळी उघडी ठेवावी’, ‘रॉड तपासून घ्यावा’. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, पण सक्ती आणि सल्ला यांतला फरक त्यांत उरलेला नाही.

हा फरक का जपायचा, ते पाण्याच्या वागण्यावरून कळते. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 70 अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे दोन टक्क्यांनी, म्हणजे जवळपास 300 मिलिलिटरने वाढते. नळजोडणीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर हे वाढीव पाणी मागे जाऊ शकत नाही आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या नळीतून ठिबकते. बाथरूममधले ते ठिबकणे गळती समजून कोणी नळीच्या तोंडात बूच बसवले, तर टाकीतला दाब निघून जायची वाट बंद होते. याउलट अ‍ॅनोड रॉड वेळेवर पाहिला नाही तर टाकी लवकर गंजते, म्हणजे मुख्यतः खिशाला फटका बसतो.

अनुवादकापुढे मुख्यतः तीन पर्याय असतात. पहिला विध्यर्थाचा. सरकारी परिपत्रकांत ‘सादर करावे’ हा हुकूमच असतो, पण घरात गिझर वापरणारा माणूस ‘ठेवावी’ हे ‘ठेवलेली बरी’ असे वाचतो. म्हणून हे रूप मी सल्ल्यासाठीच राखून ठेवतो.

दुसरा पर्याय आज्ञार्थाचा: ‘नळी उघडी ठेवा’. हे वाक्य छोटे आणि स्पष्ट आहे. अडचण अशी की पुस्तिकेतली प्रत्येक पायरी आज्ञार्थातच असते. ‘स्विच चालू करा’, ‘नॉब फिरवा’ यांच्या रांगेत ही सक्ती आणखी एक पायरी होऊन जाते.

तिसरा पर्याय ‘पाहिजे’चा, आणि यात सर्वाधिक सावधगिरी लागते. ‘तपासायला पाहिजे’ हे बोलण्यात सल्ल्याच्या जवळचे आहे, ‘तपासले पाहिजे’ त्याहून ठाम, आणि ‘तपासलेच पाहिजे’ ही सक्ती. ‘च’ कुठे बसतो तेही पाहावे लागते. ‘नळी उघडीच ठेवली पाहिजे’ म्हणजे ती बंद चालणार नाही; ‘उघडी ठेवलीच पाहिजे’ म्हणजे या कृतीला सूट नाही. इथे पहिली जागा मला योग्य वाटते, कारण चूक बूच बसवण्याची होते. अनुवाद हिंदीवरून होत असेल तर आणखी एक खाच आहे: ‘करना चाहिए’ हा बहुधा सल्ला असतो, पण त्याचे ‘केले पाहिजे’ झाले की सल्ल्याला नकळत जोर चढतो.

खरा घोळ नकारात होतो. ‘बंद करू नये’ हे ‘मस्ट नॉट’ आणि ‘शुड नॉट’ दोन्हींसाठी चालते, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. ‘बंद केलेच पाहिजे असे नाही’ याचा अर्थ तर ‘गरज नाही’ असा होतो. सक्तीच्या मनाईसाठी ‘कधीही बंद करू नका’ किंवा ‘बंद करता कामा नये’ हीच रूपे विश्वासार्ह आहेत. छापील पुस्तिकेत मी पहिले निवडेन, दुसरे किंचित रागावल्यासारखे वाटते.

माझी निवड मिश्र आहे. सक्तीला आज्ञार्थ, त्यासोबत ‘च’ किंवा ‘कधीही’, आणि लगेच परिणाम. सल्ल्याला साधा विध्यर्थ, ‘च’शिवाय. वरची दोन वाक्ये मग अशी होतात:

‘सेफ्टी व्हॉल्व्हची नळी उघडीच ठेवा. तिचे तोंड कधीही बंद करू नका. दाब वाढून टाकी फुटू शकते. पाणी तापताना नळीतून थोडे पाणी ठिबकणे स्वाभाविक आहे.’

‘अ‍ॅनोड रॉड वर्षातून एकदा तपासून घ्यावा. पाणी जड असेल तर त्याहून लवकर तपासावा.’

वर्षाचा काळ इथे नमुन्यादाखल घेतला आहे. मूळ पुस्तिकेत असेल तोच आकडा ठेवायचा. मूळ मजकुरात ‘मस्ट’ शब्द नसतानाही सक्ती असू शकते, हेही ध्यानात ठेवावे. सेफ्टी व्हॉल्व्ह नियमित चालवून पाहण्याची सूचना बऱ्याचदा ‘इज टू बी ऑपरेटेड’ अशी येते. क्षार साचून व्हॉल्व्ह अडकला नाही ना, हे त्यातून कळत असल्याने ती सक्तीच्या बाजूला जाते.

पडताळणीसाठी इंग्रजी न पाहिलेल्या माणसाला मराठी वाक्य वाचायला देऊन ‘हे केले नाही तर चालेल का?’ एवढेच विचारावे. नळीच्या वाक्यावर उत्तरापूर्वी तो जरासा थांबला तरी ते वाक्य पुन्हा लिहायला घ्यावे.