पिंगळ्याच्या डोक्यावरचे ठिपके: कॅमेऱ्यातली जेपीईजी बरी की रॉ?

आमच्याकडे खान्देशात पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांची सरळ दोन घराणी आहेत. एक जण कॅमेऱ्यातून तयार जेपीईजी काढतो. पालहून निघून जळगावला पोचेपर्यंत त्याचा फोटो ग्रुपवर पडलेला असतो. दुसरा रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं न शिजवलेली कच्ची फाइल काढतो आणि रविवारी चहा घेऊन लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरसमोर बसतो. मी दोन्हीकडे राहून आलोय. कोणत्याही एका बाजूला नावं ठेवायची नाहीत, पण नवा कॅमेरा घेऊन कुठल्या वाटेनं जावं असं कोणी विचारलं तर उत्तर द्यावंच लागतं. रंग, फाइलचा आकार वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे. मी फक्त नॉइज रिडक्शन आणि शार्पनिंग या दोन गोष्टींवर बोलतो, कारण माझा निर्णय त्यांनीच केला.

हा विषय इथे जास्त टोचतो, त्याला कारण रानपिंगळा. १८७३ मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन झालं. १८८४ नंतर मात्र त्याची खात्रीशीर नोंदच नव्हती. पुन्हा दिसला तो नोव्हेंबर १९९७ मध्ये, आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात. आता यावल अभयारण्यातही तो आहे, त्यामुळे सातपुड्यात कॅमेरा घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला तो हवा असतो. अडचण एवढीच की गावाकडच्या वडा-चिंचेवर बसणारा साधा ठिपकेवाला पिंगळा पहिल्या नजरेत त्याच्यासारखाच वाटतो. फरक बारीक खुणांत आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास सपाट तपकिरी, ठिपके असलेच तर अगदी पुसट. पोटाचा खालचा भाग रानपिंगळ्याचा पांढरा स्वच्छ, साध्याचा तपकिरी खुणांनी भरलेला. म्हणजे ओळख ज्या बारकाव्यांवर ठरते, नॉइज रिडक्शन नेमके तेच आधी खातं.

नॉइज रिडक्शनला पिसावरचा ठिपका आणि सेन्सरचा दाणा यांतला फरक कळत नाही. शेजारच्या पिक्सेलपेक्षा थोडं वेगळं काही दिसलं की ते ओढून आजूबाजूच्यासारखं करायचं, एवढंच त्याचं काम. मोठी, ठळक कड असेल तर ती सोडतं. फिक्या तपकिरीवरचा लहानसा पांढुरका ठिपका मात्र त्याच्या हिशेबी कचराच. त्यातून पिंगळा छोटा, झाड उंच, लेन्स कमी पडते, मग क्रॉप करावंच लागतं. सकाळच्या कोवळ्या उजेडात आयएसओ ३२०० ला गेलेला असतो. क्रॉप केल्यावर ठिपका जेमतेम काही पिक्सेलचा उरतो, आणि दाणाही तेवढाच.

एका मित्राचा मेसेज आला होता, "भाऊ, रानपिंगळा सापडला!" खाली फोटो. डोकं गुळगुळीत तपकिरी, एकही ठिपका नाही. पोटही तसं साफच वाटत होतं. पण पक्ष्याच्या बुडाशी असलेल्या सागाच्या फांदीकडे बघितलं आणि शंका आली. सागाची साल किती भेगाळ असते ते आपल्याला सांगायला नको. या फोटोत ती मेणबत्तीसारखी दिसत होती. सालीच्या भेगा पुसल्या गेल्या असतील तर डोक्यावरचे ठिपके राहतील कसे? शिवाय आकाशासमोर आलेल्या फांदीच्या कडेनं आतून एक काळी आणि बाहेरून एक पांढरी रेघ, जणू कोणी पेननं गिरवलंय. कॅमेऱ्याचं हाय आयएसओ नॉइज रिडक्शन ‘स्टँडर्ड’वर होतं, शार्पनेस वर चढवलेला. आधी पुसायचं, मग पुसलेल्याच्या कडा गिरवायच्या, असा तो उद्योग.

सुदैवानं त्यानं रॉ प्लस जेपीईजी ठेवलं होतं. रॉ उघडली. लाइटरूममध्ये रॉ फाइलला ल्युमिनन्स नॉइज रिडक्शन मुळात शून्य असतं. कॅमेऱ्याच्या मेनूत काय निवडलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. शून्यावर फोटो रवाळ दिसत होता, पण त्या दाण्यांतही डोक्यावरचे ठिपके रांगेनं स्पष्ट होते. साधा पिंगळा. मग मुद्दाम स्लायडर हळूहळू वर नेला. १५ वर दाणे मऊ झाले, ठिपके जागेवर. २५ च्या आसपास ठिपक्यांच्या कडा विरघळायला लागल्या. ४५ वर गेलो आणि समोर पुन्हा तोच ‘रानपिंगळा’ हजर! मित्राला स्क्रीनसमोर बसवून हे दाखवलं, तो म्हणाला, "मग जेपीईजीनं मला खोटंच सांगितलं की भो."

माझ्यासाठी तराजू इथेच कलला. जेपीईजीत नॉइज राहिला किंवा फोटो थोडा मऊ आला, तर माझी काही तक्रार नाही. पण पुसलेलं परत येत नाही, आणि गिरवलेली कड काढता येत नाही, याची चीड येते. उलट त्या जेपीईजीला नंतर कोणी पुन्हा शार्प केलं, की पांढरी रेघ आणखी जाड होते.

तरीही जेपीईजीवाल्यांनी लगेच मन खट्टू करू नये. कॅमेऱ्यात दोन ठिकाणी हात घातला तर बरंच निभावतं. हाय आयएसओ नॉइज रिडक्शन ‘लो’वर ठेवा. पूर्ण बंदही चालतं, पण दाणे जरा जास्तच अंगावर येतात. आणि काही कॅमेरे ‘ऑफ’ म्हटलं तरी वरच्या आयएसओला थोडं पुसतातच. शार्पनेसची पट्टी ० ते ७ असेल तर २ पुरे, ० ते ९ असेल तर ३. ठेवणीतल्या ‘लँडस्केप’ किंवा ‘व्हिव्हिड’सारख्या शैलीत शार्पनेस बहुधा आधीच चढा असतो, तो तपासून घ्या. मेनूत लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन म्हणून आणखी एक गोष्ट दिसेल. ती सेकंदभर किंवा त्याहून लांब एक्सपोजरसाठी, तिचा इथे संबंध नाही. लग्नकार्य, शाळेचं संमेलन, शेतातला केळीचा घड, यांसाठी एवढं बसवलं की जेपीईजी मस्त चालते. तिथे कोणी ठिपके मोजत नाही.

रॉच्या बाजूला मेहनत आहे, पण थोडी. मी आधी रंगाचा नॉइज बघतो. लाइटरूम तो स्वतःच २५ वर ठेवतं. मी तिथेच सोडतो, क्वचित गडद सावलीत हिरवे-जांभळे ठिपके दिसले तर ३५. मग ल्युमिनन्स. आयएसओ ८०० पर्यंत हात लावत नाही, ३२०० ला १२ ते २०. त्याखालचं डिटेल ५० वर असतं, ते ६० केलं की पिसं जास्त टिकतात, दाणेही थोडे जास्त टिकतात. मला ते चालतं. हे सगळं शंभर टक्के झूमवरच. पूर्ण फोटो स्क्रीनवर बसवून स्लायडर ओढला की हात हमखास पुढे जातो.

शार्पनिंगमध्ये लाइटरूमचे आकडे ४०, १.०, २५, ० असे येतात: अमाउंट, रेडियस, डिटेल, मास्किंग. पांढऱ्या रेघेचा खरा सूत्रधार रेडियस. शार्पनिंग म्हणजे कडेच्या काळ्या बाजूला जास्त काळं आणि उजळ बाजूला जास्त उजळ करणं. ते किती रुंदीत करायचं ते रेडियस ठरवतो. १.४ केला की सागाच्या फांदीभोवती रेघ उठलीच समजा. पिसांसाठी ०.८, अमाउंट ५० च्या आत, डिटेल २० ते २५. डिटेल वर नेलं की पिसांबरोबर दाणेही धारदार होतात.

मास्किंग मात्र शून्यावर सोडू नये, आणि नेमकं तेच बहुतेक जण सोडतात. ऑल्ट दाबून स्लायडर ओढा, फोटो काळा-पांढरा होतो. पांढरं तिथे शार्पनिंग लागणार, काळं तिथे नाही. मागचं आकाश पूर्ण काळं होईपर्यंत ओढायचं आणि डोळा, चोच, छातीचे पट्टे पांढरे राहतात तोवर थांबायचं. माझं बहुतेक ५० ते ७० मध्ये भागतं. आकाशातले दाणे शार्प झाले नाहीत, की ल्युमिनन्स चढवायची गरजच अर्धी उरते.

क्लॅरिटी आणि डीहेझपासून थोडं जपून. तेही कडांभोवती उजेडाची झालर काढतात, फक्त रुंद आणि पसरट, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. आकाशासमोरच्या पक्ष्याभोवती फिकट वलय दिसलं तर आधी हे दोन शून्यावर आणून बघा. आणि कडेला जांभळी किंवा हिरवी किनार असेल तर शार्पनिंगला दोष देऊ नका, ती लेन्सची करामत. शार्पनिंगची रेघ बिनरंगी असते.

आपल्याकडची आणखी एक खास अडचण म्हणजे एप्रिल-मे. सकाळी नऊ-दहानंतर खडकावरून, वाळलेल्या गवतावरून झळा उठायला लागतात आणि लांबच्या लेन्सनं काढलेला पक्षी पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. ही मऊपणाची तक्रार शार्पनेसनं सुटत नाही, ना कॅमेऱ्यात, ना रॉमध्ये. तिथं अमाउंट १०० ला नेणारे मी पाहिलेत. पिसं येत नाहीत, रेघा तेवढ्या येतात. पक्ष्याच्या जवळ जाणं किंवा दुसऱ्या दिवशी लवकर निघणं, एवढेच उपाय.

रॉचे तोटेही आहेतच. जुन्या कॅमेऱ्याचा बफर पटकन भरतो आणि पिंगळा उडताना नेमका कॅमेरा अडून बसतो. कार्ड मोठं लागतं, लॅपटॉप घरघरतो. संगणकासमोर बसायचा ज्याला मनापासून कंटाळा आहे त्यानं जबरदस्तीनं रॉ काढू नये, असं मला वाटतं; फाइली साठत जातात आणि फोटो कोणी बघतच नाही. अशांनी मित्रासारखं रॉ प्लस जेपीईजी ठेवावं. जेपीईजी वाटून टाकावी, आणि एखाद्या पक्ष्याची नोंद करायची वेळ आली तरच रॉ उघडावी. नोंदीला फोटो जोडताना निर्यातीतलं आउटपुट शार्पनिंग ‘लो’ ठेवा किंवा काढून टाका. तो शार्पनिंगचा दुसरा थर असतो, आणि आकार लहान करताना रेघ परत उगवते. शक्य असेल तर नोंदीसोबत ल्युमिनन्स शून्यावरचा, रवाळ का असेना, एक क्रॉपही द्यावा. तपासणारा आधी डोकं बघतो, मग फांदीची साल.