सहा शेतं, सहा रिपोर्ट आणि बोरॉनचा एकच आकडा

मे महिन्यात आमच्या करवीर तालुक्यातल्या गावात एक गाडी आली. "काका, मोफत माती परीक्षण, वीस मिनिटांत रिपोर्ट." पोरगा बोलायला गोड. फावड्याने एका जागची ओली माती उकरली, पेनासारखं यंत्र खुपसलं आणि रंगीत कागद हातात दिला. जस्त ०.३८, बोरॉन ०.२१, दोन्ही लाल रंगात. लगेच एकरी ३,८०० रुपयांचा 'झिंक-बोरॉन किट' पुढं आला. मी तीन एकरांचा घेतला. पावतीला म्हणाला, "नंतर व्हॉट्सॲपवर टाकतो." ती आजतागायत आलेली नाही.

किटमध्ये १० किलोची झिंकची पिशवी आणि ३ किलो बोरॉनची पुडी. एक एकर सोयाबीनला त्याच्या सांगण्याप्रमाणे पुडी बियाण्यासोबत पेरणी यंत्रातूनच दिली. पंधरा-वीस दिवसांत खालच्या जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपायला लागल्या. त्याला फोन केला, तर म्हणतो, "कमतरता जास्त आहे, अजून एक पुडी द्या."

इथंच मी थांबलो, हे नशीब. बोरॉन कमी पडलं की आधी शेंडा आणि कोवळी पानं बिघडतात, कारण ते झाडात जुन्या पानांतून नव्याकडं सहजासहजी सरकत नाही. जास्त झालं की ते जुन्या पानांच्या कडेला साठतं आणि तिथंच करपा दिसतो. माझ्या रानात दुसरं दिसत होतं.

मग पुडी वाचली. २० टक्के बोरॉन, म्हणजे फवारणीचं. ३ किलोत ६०० ग्रॅम बोरॉन, तेही बियाण्याला खेटून. उसाला एकरी २ किलो बोरॅक्स सांगतात, त्यात साधारण २१० ग्रॅम असतं. जवळजवळ तिप्पट! कमतरता आणि विषबाधा यांत इतकं कमी अंतर असलेलं अन्नद्रव्य क्वचितच असेल.

पन्हाळ्याकडच्या चुलतभावाला फोन केला. त्याची जमीन तांबडी, आंबट, माझी काळी, चुनखडीची. "दादा, माझ्या कागदावर पण बोरॉन ०.२१च हाय की!" ओळखीच्यांचे आणखी चार कागद मागवले. सगळीकडं ०.२१. नुसता गावाचा आणि गटाचा नंबर बदललेला.

खऱ्या प्रयोगशाळेत माती आधी सावलीत वाळवून चाळतात. जस्तासाठी ती डीटीपीएच्या द्रावणात दोन तास हलवतात, बोरॉनसाठी गरम पाण्यात उकळतात. ओल्या मातीत यंत्र खुपसून हे आकडे येत नाहीत.

जुलैत ऊस लावायच्या रानाचा नमुना मी शासकीय प्रयोगशाळेत दिला. आठ-दहा जागची माती लाकडी खुरप्याने काढून प्लॅस्टिकच्या घमेल्यात मिसळली. जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरली, तर जस्ताचा आकडा उगाच फुगतो. रिपोर्ट आला : सामू ८.१, जस्त ०.४४, बोरॉन ०.६८ पीपीएम. जस्ताची सीमा ०.६ आणि बोरॉनची ०.५ धरतात. म्हणजे जस्त खरोखर कमी, बोरॉन पुरेसं. सोयाबीनचं रान शेजारचंच, तिथंही बोरॉनची गरज नसणार.

जस्त तर हवंच होतं, मग किटमधली झिंकची पिशवी वापरावी का? आधी तपासली. डीएपी पाण्यात विरघळवून वरचं निवळलेलं पाणी घेतलं, त्यात झिंकचं पाणी ओतलं. खरं झिंक सल्फेट असतं तर दह्यासारखा पांढरा साका आला असता. ग्लासातलं पाणी तसंच राहिलं. बहुधा मॅग्नेशियम सल्फेट, भेसळीला नेहमी तेच वापरतात. ही घरगुती चाचणी आहे, टक्केवारी त्यातून कळत नाही. पण काहीच साका आला नाही, तर ती पिशवी रानात जाऊ नये. (आणि याच साक्यामुळं झिंक सल्फेट डीएपीत मिसळून टाकायचं नसतं, हे माझ्यासारख्या कित्येकांना ठाऊक नसतं.)

उसाला शेवटी पावती घेऊन २१ टक्क्यांचं झिंक सल्फेट आणलं. एकरी ८ किलो, ८० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल देऊन पाच-सहा दिवस पोत्याखाली झाकून ठेवलं आणि लागणीच्या वेळी सरीत टाकलं. नुसतं टाकलं असतं, तर चुनखडीनं ते धरून ठेवलं असतं.

भावाचा खरा रिपोर्ट बरोबर उलटा निघाला : जस्त ०.९, बोरॉन ०.३२. त्याचा भुईमूग, आणि मागच्या वर्षी दाणे फोडले की आत पोकळ, तपकिरी निघायचे. त्याला झिंकवर एक रुपया घालायची गरज नव्हती. यंदा त्यानं पेरणीआधी एकरी २ किलो बोरॅक्स शेणखतातून सगळ्या रानात विस्कटून मिसळलं, बियाण्याजवळ दिलं नाही. तिथंच पुढं दुसरं पीक घेताना आधी माती तपासणार, मग बोरॅक्सचं बघणार.

न फोडलेल्या दोन पिशव्या मी तालुक्याच्या खत निरीक्षकांना दाखवल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पावती कुठाय?"