डावखुऱ्या मुलाचे चित्र नसलेले चौथे कार्ड: फलंदाजीच्या सराव-कॅरोसेलचा सात महिन्यांचा अनुभव

लहान मुलांच्या फलंदाजीच्या सरावासाठी एका प्रशिक्षकांनी तयार केलेले, मोबाइलवर एकेक सरकवत पाहायच्या दहा कार्डांचे कॅरोसेल मी नोव्हेंबरमध्ये १९९ रुपयांना घेतले आणि मे महिन्याच्या अखेरपर्यंत दर शनिवारी व रविवारी वापरले. अमळनेर तालुक्यातील आमच्या गावातील शाळेत मी गणित शिकवतो. क्रिकेटचा सराव हे माझे सुट्टीच्या दिवसाचे काम आहे. नऊ ते तेरा वर्षांची बारा मुले, चार ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी तिघे आणि दर सात मिनिटांनी शिट्टी वाजली की पुढच्या ठिकाणी सरकणे, अशी आमची रचना होती. पकड व पवित्र्यापासून टीवर ठेवलेला चेंडू, हातातून खाली सोडलेला म्हणजे ड्रॉप, हात खालून फिरवून टाकलेला म्हणजे अंडरआर्म, जवळून फेकलेला म्हणजे थ्रोडाऊन आणि शेवटी नेट असा कार्डांचा क्रम आहे. मला मुख्यतः चौथ्या कार्डाविषयी, म्हणजे ड्रॉप ड्रिलविषयी, लिहायचे आहे, कारण फेब्रुवारीत त्याच ठिकाणी आमच्या एका मुलाच्या डोळ्याखाली चेंडू लागला.

त्याआधी एक कबुली द्यायला हवी. पहिल्या महिन्यात माझे मत या कॅरोसेलच्या विरोधात होते. तिसऱ्या कार्डावर चेंडू ठेवण्यासाठी रबरी टी घ्यायला सांगितली आहे आणि हा विनाकारण खर्च आहे असे मला वाटले. शेतातून पीव्हीसी पाइपचे चार तुकडे कापून आणले, त्यांवर टेनिसचा चेंडू उत्तम बसला आणि खर्च काहीच झाला नाही. दुसऱ्याच रविवारी बॅट चेंडूऐवजी पाइपवर बसली, पाइप तडकला आणि एक टोकदार कपची मुलाच्या पोटरीला लागून खाली पडली. घरी येऊन पाहिले तेव्हा दहाव्या कार्डावर बारीक अक्षरांत स्पष्ट लिहिलेले सापडले की टी मऊच असावी, कडक प्लास्टिक वापरू नये. तेव्हापासून आम्ही पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा वरचा भाग कापून, त्याच्या कडेला चिकटपट्टी लावून वापरतो. बॅट लागली तर बाटली चेपते, फुटत नाही. प्रशिक्षकांविषयीचा माझा ग्रह चुकीचा होता, पण एक प्रश्न तेव्हाच मनात आला: तिसऱ्या कार्डावरील सरावाची सूचना दहाव्या कार्डावर का?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. मोबाइलवर कॅरोसेल पाहणारा माणूस एकदा शेवटपर्यंत जातो, पण मैदानावर त्याचा उपयोग वेगळ्या रीतीने होतो. मी प्रत्येक कार्डाची रंगीत प्रत काढून लॅमिनेट केली आणि ज्या ठिकाणी जो सराव, तेथे ते कार्ड टांगले. सुरक्षेच्या सर्व सूचना असलेले दहावे कार्ड मात्र कोणत्याच ठिकाणी टांगले गेले नाही, कारण त्यावर सराव नव्हता. ते माझ्या पिशवीतच राहिले.

आता ड्रॉप ड्रिल. यात एक मुलगा चेंडू सोडतो आणि दुसरा तो समोर ड्राइव्ह करतो. सोडणारा फलंदाजाच्या ऑफ साइडला, त्याच्या छातीसमोर बाजूला उभा राहतो, हात पूर्ण लांबवून खांद्याच्या उंचीवरून चेंडू फलंदाजाच्या पुढच्या पायाजवळ सोडतो आणि लगेच हात मागे घेतो. खांद्याच्या उंचीवरून सोडलेला टेनिसचा चेंडू कडक जमिनीवर साधारण निम्म्या उंचीपर्यंत उसळतो. पहिल्याच टप्प्यावर मारायला गेलेला मुलगा मांडीच्या उंचीवरचा चेंडू गाठतो आणि बॅट आडवी करतो. दुसऱ्या टप्प्यानंतर चेंडू गुडघ्याच्या आसपास राहतो, मुलाला पाऊल पुढे टाकायला वेळ मिळतो आणि बॅट सरळ येते. कार्डावर दोन टप्प्यांचा नियम ठळक अक्षरांत दिला आहे, याबद्दल प्रशिक्षकांचे कौतुकच आहे. आमची काळी जमीन हिवाळ्यानंतर भेगाळू लागते आणि त्यावर दुसरा टप्पा कोठे जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून हे ठिकाण आम्ही शाळेच्या पडवीसमोरील कोब्यावर हलवले आणि पाय घसरू नयेत म्हणून रोज आधी धूळ झाडू लागलो.

कार्डावरील चित्र उजव्या हाताच्या फलंदाजाचे आहे. मुलांनी चित्र पाहून सोडणाऱ्याची जागा कोब्यावर फक्कीने आखून घेतली होती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या एकमेव डावखुऱ्या मुलाची पाळी आली. सोडणारा आखलेल्या जागीच उभा राहिला. मी त्या वेळी अंडरआर्मच्या ठिकाणी होतो. डावखुरा फलंदाज उभा राहताच तीच जागा त्याच्या पाठीमागे, म्हणजे लेग साइडला आली, हे कोणाच्याच लक्षात आले नाही. चेंडू सुटला, फटका सरळ जाण्याऐवजी आडव्या बॅटने लेगला वळला आणि एका मीटरपेक्षाही कमी अंतरावरून चेंडू सोडणाऱ्याच्या डाव्या डोळ्याखाली लागला.

चेंडू टेनिसचा होता म्हणून हाड वाचले. तरीही सूज डोळ्यापर्यंत चढली आणि मुलगा म्हणाला, “सर, माले बॉलच दिसना नही.” आम्ही बर्फ रुमालात गुंडाळून गालावर हलक्या हाताने धरला, डोळ्याच्या बुबुळावर दाब येऊ दिला नाही आणि त्याच दिवशी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. बाहेरून डोळा ठीक दिसला तरी आत रक्तस्राव किंवा पडद्याला इजा असू शकते, त्यामुळे बोथट मार लागल्यावर ‘उद्या पाहू’ म्हणणे योग्य नाही. धूसर दिसणे, दोन प्रतिमा दिसणे, चमक किंवा काळे ठिपके दिसणे, यांपैकी काहीही असेल तर क्षणभरही थांबू नये. आमच्या मुलाच्या डोळ्याच्या आत इजा नव्हती. त्याच्या आईने मला शब्दाने दुखावले नाही, पण दोन आठवडे त्याला सरावाला पाठवले नाही.

फटका लेगला का गेला, हेही मी शोधले, कारण केवळ जागा बदलून भागणार नव्हते. तो डावखुरा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याच्या उंचीला चार नंबरची बॅट बसते. त्याच्याकडे मोठ्या भावाची सहा नंबरची बॅट होती. जड बॅट वरच्या हाताने उचलली जात नाही, म्हणून खालचा हात सगळे काम करतो, मनगट वळते आणि चेंडू सरळ जाण्याऐवजी लेगला ओढला जातो. हे ओळखण्याची सोपी रीत अशी: मुलाला फक्त वरच्या हाताने बॅट धरून टीवरचे पाच चेंडू सरळ ढकलायला सांगावे. बॅटचे टोक खाली पडत असेल किंवा कोपर शरीराला चिकटत असेल, तर बॅट मोठी आहे. बॅट पायाशेजारी उभी केली असता मूठ कमरेच्या हाडाच्या आसपास यावी, हे दुसरे माप. ‘मुलगा वाढता आहे, दोन वर्षे चालेल’ म्हणून मोठी बॅट घेणे मला समजते. मीही माझ्या मुलासाठी तसेच केले होते. कपडे दुमडून घालता येतात, बॅटचे तसे नाही. त्या डावखुऱ्या मुलाच्या वडिलांनी चार नंबरची एक जुनी बॅट अर्ध्या किमतीत मिळवली आणि तीन रविवारांत त्याचे चेंडू सरळ जाऊ लागले.

मी प्रशिक्षकांना पत्र लिहून दोन मागण्या केल्या: डावखुऱ्याचे चित्र द्यावे आणि प्रत्येक सूचना तिच्या सरावाच्या कार्डावर घ्यावी. चार दिवसांत सौजन्याचे उत्तर आले की मोबाइलमध्ये चित्र आडवे उलटवून घ्यावे. मी ते करून पाहिले. चित्र उलटते, पण त्यावरील मराठी अक्षरेही उलटी होतात आणि कार्ड वाचता येत नाही. शेवटी उलटवलेल्या प्रतीतून केवळ चित्र कापले आणि मूळ कार्डावर चिकटवले. दुसऱ्या पत्राला अजून उत्तर नाही. १९९ रुपये फार नाहीत, पण पैसे देऊन घेतलेल्या वस्तूतील सुरक्षेची उणीव घेणाऱ्यानेच कात्रीने भरून काढावी, हे मला मान्य नाही.

आणखी एका बाबतीत माझे मत बदलले, आणि ते कार्डाच्या बाजूने नाही. नवव्या कार्डावरील तक्ता आठवड्यांनुसार पुढे नेतो. जानेवारीपर्यंत मला तो शिस्तीचा वाटत होता. प्रत्यक्षात आठवडा संपला म्हणजे मूल तयार झाले असे होत नाही. आता आम्ही सुमारे आठ मीटरवर दोन शंकू दोन मीटर अंतराने ठेवतो आणि दहापैकी सात चेंडू त्यांमधून गेले, तेही सलग दोन रविवारी, तरच मुलाला पुढच्या कार्डावरील सराव देतो. सातच का, याला माझ्याकडे अनुभवाखेरीज आधार नाही. काही मुले ड्रॉपवरून अंडरआर्मवर दोन आठवड्यांत गेली, एकाला नऊ आठवडे लागले.

थ्रोडाऊनपर्यंत चेंडू टेनिसचाच ठेवला. सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कडक चेंडू, केवळ मॅटिंगवर, हेल्मेट, पॅड, ग्लोव्हज आणि सेंटर गार्ड घातल्यावरच दिला. आठव्या कार्डावर हेल्मेट सांगितले आहे, पण एक गोष्ट राहिली आहे: लहान मुलांचा चेंडू १३३ ते १४४ ग्रॅमचा आणि मोठ्यांच्या चेंडूपेक्षा आकारानेही लहान असतो, त्यामुळे मोठ्या भावाचे हेल्मेट डोक्याला बसले तरी जाळी आणि टोपीच्या कडेमधील फटीतून तो आत येऊ शकतो. वापरायचा चेंडू हाताने त्या फटीत दाबून पाहावा. आत जात असेल तर ते हेल्मेट नको. एप्रिलपासून सराव सकाळी सहाला सुरू करून आठच्या आत संपवला. त्यानंतर आमच्याकडे कोब्यावर पाय ठेववत नाही.

जून लागताच पावसामुळे सराव थांबला. पुढच्या तुकडीसाठी कॅरोसेल पुन्हा वापरणार आहे, कारण टी ते थ्रोडाऊन हा त्याचा क्रम मला बरोबर वाटतो आणि मुलांना चित्रे समजतात. दहावे कार्ड मात्र कापून त्यातील एकेक सूचना त्या त्या कार्डावर चिकटवली आहे, आणि चौथ्या कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: सोडणारा नेहमी फलंदाजाच्या छातीकडे, कधीही पाठीकडे नाही. त्याचे पाय चेंडूच्या टप्प्याच्या रेषेत किंवा मागे, पुढे नाहीत. फलंदाज बदलला की आधी ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असे मोठ्याने म्हणायचे, सोडणाऱ्याने जागा घ्यायची, मगच चेंडू हातात घ्यायचा. कोब्यावर आता फक्कीची दोन वर्तुळे असतात, एक उजव्यासाठी आणि एक डाव्यासाठी.