ऑफिस ते वजनकाटा, ७० मीटर: तांबं काढून फायबर टाकल्यावरचा अनुभव

चोपडा तालुक्यातल्या एका जिनिंगचं नेटवर्क मी बघतो. ऑफिसपासून वजनकाट्याच्या केबिनपर्यंत केबलची वाट ७० मीटर भरते. तांब्याची कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे अंतराची अडचण नव्हती. तरीही गेल्या एप्रिलमध्ये, वळवाच्या आधी, ती काढून फायबर टाकली. आता पावसाळा आणि कापसाचा हंगाम बघून लिहितोय.

त्याआधीच्या मे महिन्यात बांधावरच्या निंबावर वीज पडली. आमच्या एकाही इमारतीला ती शिवली नाही. पण या केबलच्या दोन्ही टोकांचे पोर्ट मेले आणि शेजारचे पोर्ट, पॉवर सप्लाय शाबूत राहिले. झटका मेन लाइनमधून आला असता तर बहुधा पॉवर सप्लाय आधी गेले असते. ऑफिसचा अर्थिंगचा खड्डा वेगळा, काट्याचा वेगळा. जवळपास वीज जमिनीत उतरली की या दोन खड्ड्यांमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो. इथरनेट पोर्टमधल्या ट्रान्सफॉर्मरची चाचणी साधारण १५०० व्होल्टची असते. त्यापलीकडे तांब्याची तार हीच दोन खड्ड्यांना जोडणारी वाट ठरते. शिल्डेड केबल घेऊन दोन्हीकडे अर्थ केली तर ही वाट आणखी सोपी होते.

दुसरा त्रास मोटारींचा. जुनी केबल जिन हॉलच्या भिंतीवरून, मोटारींचा वेग सांभाळणाऱ्या व्हीएफडीच्या केबलींना लागूनच जायची. मशिनं सुरू झाली की स्विचवरचा सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा आकडा चढायचा, जेवणाच्या सुट्टीत मशिनं थांबली की तोही थांबायचा. फायबरवर पूर्ण हंगामात तो शून्यावर आहे.

केबल सिंगल-मोड घेतली. ७० मीटरला मल्टिमोडही पुरली असती, पण पुढे लांबच्या गोदामापर्यंत जायचं झालं तर एकच जात बरी. ठेकेदार आर्मर्ड आणत होता. मी बिनधातूची मागितली आणि उंदरांसाठी एचडीपीई पाइप टाकला. आर्मरची पोलादी पट्टी रॅकपर्यंत नेली तर फायबर असूनही दोन इमारती धातूने जोडल्या जातात. आर्मर्डच घ्यायची असेल तर पट्टीला इमारतीच्या तोंडाशीच अर्थ करा, आत नेऊ नका.

जिनिंगमध्ये फायबरचा खरा शत्रू म्हणजे रुईची धूळ. दिवाळीनंतर कोणीतरी पॅचकॉर्ड काढून टोपी न लावता ठेवली आणि तशीच परत खोचली. लिंक चालू होती, पण स्विचमधल्या एसएफपी या फायबर मॉड्यूलवर दिसणारी रिसीव्ह पॉवर, म्हणजे पोचणारा प्रकाश, −७ वरून −१४ डीबीएमवर आली. आणखी थोडी घसरली असती तर लिंक अधूनमधून तुटू लागली असती. एलसी कनेक्टरच्या टोकावर एक बारीक तंतू होता. क्लीनरने पुसल्यावर आकडा जागेवर आला.

फायबरने मेन लाइनमधून येणारा झटका अडत नाही, त्यासाठी काट्याच्या पॅनलमध्ये झटका जमिनीत वळवणारा एसपीडी बसवला. शिवाय फायबरमधून वीज जात नाही. काट्यावरचा कॅमेरा पूर्वी ऑफिसच्या, नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या पीओई स्विचवर चालायचा, त्याला आता केबिनमध्ये वेगळा पीओई स्विच आणि यूपीएस लागला. खर्च धरताना हे दोन्ही धरा.