लग्नेश आणि सप्तमेश: सिंह लग्नाच्या दोन पत्रिका शेजारी ठेवून

दोन स्थळं आलीत, दोन्हींचे गुण जमतात, देवीला पाकळ्या लावून कौलही घेतला, तरी एकावर बोट ठेवता येत नाही. फोंडा-डिचोलीकडच्या घरांत हे नेहमीचंच. मग कुणीतरी सांगतं, "अहो, मुलाच्या पत्रिकेत लग्नेश-सप्तमेशाचं पटतं का ते बघा." सल्ला चांगला आहे. पण ते बघायचं कसं, यावर निम्मा निकाल अवलंबून असतो.

एक घोळ आधीच निस्तरलेला बरा. छत्तीस गुणांत ग्रहमैत्रीला जे पाच गुण असतात ते वधू आणि वराच्या चंद्रराशींच्या स्वामींचे, म्हणजे दोन पत्रिकांमधले. इथे आपण एकाच पत्रिकेत पाहतो आहोत. लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, सप्तम म्हणजे तिच्यापासून सातवी. लग्नाचा स्वामी, म्हणजे लग्नेश, हा तो माणूस, सप्तमाचा स्वामी, म्हणजे सप्तमेश, हा त्याचा जोडीदार, आणि या दोघांचं नातं म्हणजे संसाराकडे त्या माणसाचा मुळातला कल. गुणमेलनात पाचपैकी पाच मिळाले तरी याचा उलगडा होत नाही.

बहुतेक जण नैसर्गिक मैत्रीचा तक्ता उघडतात आणि तिथेच थांबतात. सिंह लग्न असेल तर लग्नेश रवी, सप्तमेश शनी, दोघे एकमेकांचे शत्रू, झालं. पण हा निकाल जगातल्या प्रत्येक सिंह लग्नाला लागू आहे. बाराही लग्नं तपासली तरी लग्नेश आणि सप्तमेश एकमेकांचे नैसर्गिक मित्र आहेत असं एकही लग्न सापडत नाही. मेष-तूळ आणि वृषभ-वृश्चिक या जोड्यांत मंगळ-शुक्र एकमेकांना सम, म्हणजे ना मित्र ना शत्रू, आहेत. मिथुन-धनू आणि कन्या-मीन यांत बुध गुरूला सम मानतो, गुरू मात्र बुधाला शत्रू मानतो. कर्क-मकरात चंद्राला शनी सम, शनीला चंद्र शत्रू. सगळ्यांनाच जे लागू पडतं त्यावरून दोन स्थळांत निवड कशी करणार?

निवड होते ती तात्कालिक मैत्रीवर. ती त्या माणसाच्या जन्मवेळेच्या ग्रहस्थितीतून येते. एका ग्रहापासून दुसरा दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या, अकराव्या किंवा बाराव्या राशीत असेल तर तो तात्कालिक मित्र. त्याच राशीत किंवा पाच, सहा, सात, आठ, नऊ या स्थानी असेल तर शत्रू. नैसर्गिक आणि तात्कालिक यांची बेरीज म्हणजे पंचधा मैत्री. शत्रू अधिक मित्र म्हणजे सम, शत्रू अधिक शत्रू म्हणजे अधिशत्रू, सम अधिक मित्र म्हणजे मित्र, सम अधिक शत्रू म्हणजे शत्रू. अधिमित्र व्हायला दोन्हीकडून मित्र लागतो, त्यामुळे या जोडीत अधिमित्र येऊच शकत नाही. पत्रिकेत लग्नेश-सप्तमेशासमोर अधिमित्र छापलं असेल तर तक्ता चुकला आहे किंवा वाचताना ओळ चुकली आहे.

आता दोन मुलं घेऊ, दोघांचंही सिंह लग्न. पहिला 1994 च्या जानेवारीतला, पहिल्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास जन्मलेला. रवी धनूत, पंचमात. शनी स्वतःच्या कुंभेत, सप्तमात. रवीपासून शनी तिसरा, शनीपासून रवी अकरावा, म्हणजे दोघे तात्कालिक मित्र. मुळातलं शत्रुत्व वजा होऊन सम उरतं. सिंह लग्नाला याहून चांगला निकाल येतच नाही.

दुसरा त्याच वर्षीचा, ऑगस्टअखेर सकाळी पावणेसातचा. रवी स्वराशीत, सिंहेत, लग्नातच. शनी कुंभेत, बरोब्बर समोर. सातवं स्थान म्हणून तात्कालिक शत्रू, बेरीज अधिशत्रू. तक्त्यावर चालणारा माणूस हे स्थळ लगेच परत पाठवील.

मी पाठवणार नाही. इथे दोन्ही स्वामी आपापल्या घरात बलवान आहेत आणि एकमेकांना पूर्ण दृष्टीने पाहतात. संबंध आहे, तो पक्का आहे, आणि तो तापदायक आहे. अशा घरात शब्दाला शब्द लागतो, माघार कुणी घेत नाही, पण एकमेकांकडे पाठ फिरवून बसण्याची वेळ सहसा येत नाही. मुलगी स्वतः ठाम असेल, आपलं म्हणणं तोंडावर सांगणारी असेल, तर तिला हे झेपतं. सोसून गप्प बसणारी असेल तर पहिलं स्थळ निःसंशय बरं. तिथे शनी सप्तमात असल्याने विवाह उशिरा आणि जोडीदार जबाबदार, जरा कोरडा असा सूर असतो, पण रोजची धुसफूस कमी.

अधिशत्रू हा शिक्का किती फसवा आहे ते याच्या महिनाभर आधीच्या पत्रिकेत दिसतं. जुलै 1994 ची अखेर, सकाळी साडेआठ, लग्न सिंहच. शनी तिथेच कुंभेत, रवी मात्र कर्केत, बाराव्यात. शनीपासून रवी सहावा, रवीपासून शनी आठवा, म्हणजे षडाष्टक. निकाल पुन्हा अधिशत्रू. पण इथे रवी आणि शनीची एकमेकांवर दृष्टी नाही, युती नाही, कसलाच धागा नाही. व्ययातला, म्हणजे बाराव्यातला, लग्नेश म्हटलं की आपल्याकडे जहाजावरची नोकरी डोळ्यांपुढे येते: आठ-आठ महिने माणूस बाहेर, घरी आला तरी मन घरात नाही. भांडण होत नाही, कारण भांडायला कुणी समोरच नसतं. माझ्या मते समोरासमोरच्या अधिशत्रूपेक्षा हा कितीतरी अवघड. म्हणून तक्त्यातला शब्द वाचल्यावर लगेच विचारावं: दोघांत दृष्टी, एकाच राशीतली युती किंवा एकमेकांच्या राशीत बसण्याचं राशी-परिवर्तन आहे का? एकमेकांपासून पाचव्या-नवव्या राशीत असणं म्हणजे नवपंचम; त्याला आणि युतीलाही तात्कालिक हिशेब शत्रूच म्हणतो, पण लग्नेश-सप्तमेश एकत्र असणं हा जवळिकीचा योग मानतात. तिथे शब्दापेक्षा संबंधाला वजन द्यावं.

बुध-गुरू किंवा चंद्र-शनीच्या लग्नांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती दिशा. कर्क लग्नाच्या माणसाला जोडीदाराचं वावडं नसतं. कुरकुर जोडीदाराकडून येते. मकर लग्नाला नेमकं उलट. तक्त्यात लग्नेशाची ओळ आणि सप्तमेशाची ओळ दोन्ही वाचाव्यात, एकीवर भागवू नये. नवमांशात हेच दोन ग्रह कसे बसलेत आणि शुक्र कसा आहे, हेही भटजींना विचारून घ्यावं, पण लग्नकुंडलीनंतर.

हे सगळं लग्न बरोबर असेल तरच. एक लग्नराशी सुमारे दोन तास चालते. गोव्याची स्थानिक वेळ घड्याळातल्या वेळेपेक्षा सुमारे 35 मिनिटं मागे आहे, आणि हाताने मांडलेल्या जुन्या पत्रिकेत हा फरक वजा करायचा राहिला तर लग्न आठ-नऊ अंश पुढे सरकतं. पहिल्या मुलाचा जन्म रात्री अकराचा असता तर या चुकीने सिंहेचं कन्या झालं असतं आणि रवी-शनीच्या जागी बुध-गुरू येऊन वरचा सारा हिशेब बाद झाला असता. कर्क आणि सिंह यांच्या सीमेवर नुकसान अर्धंच होतं, कारण मकर आणि कुंभ दोन्हींचा स्वामी शनी, त्यामुळे सप्तमेश तोच राहतो, फक्त लग्नेश बदलतो. लग्न राशीच्या पहिल्या किंवा शेवटच्या दोन-तीन अंशांत दिसलं तर आईला किंवा इस्पितळाच्या कागदाला वेळ पुन्हा विचारा, आणि तोवर दोन्ही स्थळांना होकार-नकार कळवू नका.