धुळे-जळगाव रस्त्यासाठी गॉगल: पोलराइज्ड की साधा?

भाचा धुळ्यात राहतो, नोकरी जळगावात. सकाळी निघाला की सूर्य समोर, संध्याकाळी परत निघाला की पुन्हा सूर्य समोरच, कारण हा महामार्ग बराचसा पूर्व-पश्चिम आहे. माझं चष्म्याचं दुकान असल्यामुळे त्यानं विचारलं, "मामा, पोलराइज्ड घेऊ की साधा काळा?"

मी आधी त्याला दुकानाबाहेर नेलं. उन्हात उभ्या गाडीचं बॉनेट चकाकत होतं. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून बघितलं तर चकाकी गेली आणि पत्र्याचा रंग दिसू लागला. तोच गॉगल हातात आडवाचा उभा फिरवला, तर चकाकी परत आली. साध्या काळ्या काचेतून बॉनेट आणि चकाकी दोन्ही सारखीच मंद झाली. गॉगल कसाही फिरवला तरी फरक नाही.

कारण असं. पाणी, डांबर, रंगवलेला पत्रा अशा आडव्या पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशाची कंपनं मुख्यतः आडवी असतात. पोलराइज्ड काच ती आडवी कंपनं अडवते आणि उभी येऊ देते. पाण्यावर हा परिणाम सूर्य क्षितिजापासून साधारण ३७ अंशांवर असताना सर्वांत जास्त मिळतो. आपल्याकडे मार्चमध्ये ही वेळ सकाळी साडेनऊच्या आणि दुपारी पावणेचारच्या आसपास येते. हतनूर धरणाच्या पाण्यावर होडी घेऊन जाणाऱ्याला म्हणूनच मी दुसरं काही दाखवत नाही. त्याला पाण्याखालचं दिसायला हवं, आणि ते साध्या काळ्या काचेनं साधत नाही.

भाच्याचं गणित मात्र वेगळं. तो साडेसातला निघतो तेव्हा सूर्य खाली असतो. थेट डोळ्यांत येणारं ऊन पोलराइज्ड नसतंच, त्यामुळे तिथे दोन्ही काचा सारख्या. काम करतो तो काचेचा गडद रंग, आणि गाडीतली ऊन अडवणारी वरची झडप. इतक्या तिरप्या उन्हात रस्त्यावरची चकाकीही पूर्ण जात नाही, कमी होते एवढंच. खरा फायदा ऊन वर चढल्यावर दिसतो. शिवाय डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडून रस्ता धूसर दिसतो, तेही पोलराइज्ड बरंच खाऊन टाकतं. पॉलिश मारून डॅशबोर्ड चकचकीत ठेवणाऱ्यांना हे विशेष जाणवेल.

आता तोटा. मोबाइलच्या आणि मीटरच्या एलसीडी पडद्यावर वरती पोलराइज्ड पट्टी असतेच, तिच्याशिवाय तो पडदा चालत नाही. त्या पट्टीची दिशा आणि गॉगलची दिशा जुळली तर सगळं स्वच्छ दिसतं, काटकोनात आली तर पडदा काळा, मधल्या कोनात अर्धवट मंद. ओएलईडी पडद्यावरही बाहेरचा उजेड परतू नये म्हणून अशीच पट्टी असते, तेव्हा "माझा फोन महागाचा आहे" हे उत्तर नाही. काही कंपन्या जास्तीची फिल्म लावून हा त्रास कमी करतात. डबा बघून ते कळत नाही, गॉगल घालून बघावं लागतं.

म्हणून भाच्याला गॉगल घालून त्याच्याच गाडीत बसवलं. फोन उभा धरल्यावर नकाशा स्पष्ट दिसत होता. होल्डरमध्ये तो आडवा लावायची त्याची सवय. तसा लावला आणि पडदा पार काळा. स्पीडचा काटा ठीक, तो रंगवलेल्या तबकडीवर असतो. खालची किलोमीटरची छोटी डिजिटल पट्टी मात्र मान सरळ असताना मंद, तिरकी केली की उजळ. त्यानं ठरवलं, फोन उभा लावायचा, किलोमीटर थांबल्यावर बघायचे. पोलराइज्ड घेतला.

दुसऱ्याच दिवशी शेजारचा मुलगा नवी बाइक घेऊन आला, पूर्ण डिजिटल मीटरवाली. तीच तपासणी केली तर स्पीडच वाचता येईना. फोन फिरवता येतो, मीटर फिरवता येत नाही. शिवाय बाइकवाल्याला रस्त्यावर सांडलेलं डिझेल किंवा ओला पट्टा चमकतो म्हणूनच दिसतो, आणि पोलराइज्ड ती चमकच काढतं. त्याला मी साधी करडी काच दिली, आतल्या बाजूनं अँटिरिफ्लेक्शन कोटिंग लावून, म्हणजे पाठीमागचं ऊन काचेवरून उलटून डोळ्यांत येणार नाही. त्याची चकाकी पूर्ण जाणार नाही, हे मी त्याला सांगितलं.

एक गैरसमज गिऱ्हाइकांत फार आहे: पोलराइज्ड म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण. ते वेगळं असतं, काचेवर 'UV400' आहे का ते स्वतंत्र विचारा. आणि काचेची गडदपणाची श्रेणी ४ असेल तर ती गाडी चालवायला नाही, ३ पुरे. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचेचा पर्याय भाच्यानं विचारला होता, पण ती बहुतेक गाडीत काळी होतच नाही, कारण पुढची काच अतिनील किरण अडवते आणि तिला काळं व्हायला तेच लागतात.

भाच्याची आता एकच तक्रार आहे. पुढच्या गाड्यांच्या मागच्या काचांवर त्याला ठिपके-ठिपके दिसतात. ती कडक केलेल्या काचेतल्या ताणाची नक्षी असते, गॉगल खराब नाही. परतताना पारोळ्याच्या पुढे अंधार पडला, की तो गॉगल काढून डब्यात ठेवतो.