वस्तूंची वर्णनं की जाहिरातीची कॉपी: रेट शब्दावर लावायचा की नगावर?

दादरमधला एक साडीवाला दुकान ऑनलाइन आणतोय असं समजा. त्याला ४० साड्यांची वर्णनं हवीत आणि गुगलवर एक जाहिरात चालवायचीय. तो पहिला प्रश्न विचारतो, ‘‘शब्दाला किती घेता?’’ इथेच थांबा. दोन्ही कामं लिहिण्याचीच असली, तरी त्यांचा हिशेब सारखा लागत नाही.

आधी वर्णनं घ्या. दुकानदाराकडून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो आणि खाली एक ओळ: ‘सेमी पैठणी, मोरपंखी, ब्लाउज अटॅच, १२५०’. यावरून असं लिहायचं असतं: ‘मोरपंखी रंगाची सेमी पैठणी. पदरावर मोर, अंगभर बारीक बुट्टे, काठ चार इंचांचा. कापड आर्ट सिल्क. साडी साडेपाच मीटर, ब्लाउजपीस ८० सेंटीमीटर, साडीलाच जोडलेला. पहिली धुलाई ड्रायक्लीन.’ लिहायला दहा मिनिटं पुरतात. पण काठ किती, कापड कोणतं, ब्लाउजपीस केवढा, हे मालकाकडून काढून घेण्यातच वेळ जातो. ‘आर्ट सिल्क’ म्हणजे कृत्रिम रेशीम. त्यातला ‘आर्ट’ गाळून नुसतं ‘सिल्क’ लिहिलं, तर साडी परत येते आणि परतीच्या कारणात ‘वर्णनाप्रमाणे नाही’ असं येतं. दोष लिहिणाऱ्याचा ठरतो. म्हणून आधी मालकाकडून एक तक्ता भरून घ्यावा आणि रिकाम्या रकान्याची साडी लिहायला घेऊच नये.

आता ४० साड्यांचा हिशेब. त्या तीन प्रकारच्या आहेत असं धरू. प्रत्येक प्रकारातल्या पहिल्या साडीला ४० मिनिटं, कारण भाषा आणि क्रम तिथेच ठरतो. म्हणजे तिन्हींचे दोन तास. उरलेल्या ३७ साड्या प्रत्येकी १५ मिनिटांत, म्हणजे सव्वानऊ तास. तक्ता भरून घ्यायला एक तास, दुरुस्तीला दीड. एकूण पावणेचौदा तास. तासाला ३०० रुपये हवे असतील, तर ४,१२५ रुपये, म्हणजे नगाला साधारण १०३. मी १०५ सांगेन. शब्दाला एक रुपया घेतला आणि वर्णनं सरासरी ८० शब्दांची झाली, तर हातात ३,२०० येतात. त्यात मालक म्हणाला, ‘‘मोबाइलवर लांब दिसतं, साठ शब्दांत बसवा,’’ की २,४००. काटछाटीची मेहनत वाढली आणि पैसे मात्र घटले.

जाहिरातीत शब्दाचा रेट तर अगदीच फसतो. गुगलच्या सर्च जाहिरातीत १५ पर्यंत हेडलाइन देता येतात, प्रत्येकी ३० अक्षरांच्या आत, आणि ४ वर्णनं ९० अक्षरांच्या आत. सगळं मिळून शंभर-सव्वाशे शब्द. शब्दाला रुपया धरला तर सव्वाशे रुपये! पण त्यांतल्या फार तर तीन हेडलाइन एका वेळी दिसतात, त्याही गुगलच जुळवतं. म्हणून प्रत्येक ओळ एकटीही उभी राहायला हवी आणि शेजारच्या ओळीत तेच यायला नको. ‘दादरची सेमी पैठणी ₹१२५०’ बसते. पण ‘सुंदर पैठणी’, ‘आकर्षक पैठणी’, ‘देखणी पैठणी’ असं लिहून तीन जागा भरल्या, तर तीन हेडलाइन वाया गेल्या. हेडलाइनमध्ये उद्गारचिन्हही चालत नाही, जाहिरात नामंजूर होते. गिऱ्हाईक काय शोधतं हे समजून घ्यायला एक तास, लिहायला दीड, दुरुस्तीला अर्धा. तीन तासांचे ९०० रुपये पूर्ण संचाचे, एका दुरुस्तीसह. त्याची फोड करून द्यायची नाही.

नमुन्यांतही फरक आहे. वर्णनासाठी घरातली पाच वेगवेगळी सामानं घ्या: साडी, डबा, चादर, लोणच्याची बरणी, पिशवी. टेपने मोजा आणि दुकानदार पाठवेल तशी एक ओळ वर, आपलं वर्णन खाली, असं ठेवा. फरक त्याला एका नजरेत कळतो. जाहिरातीसाठी पाच वस्तू नकोत, एकाच वस्तूचा पूर्ण संच हवा आणि प्रत्येक ओळीसमोर अक्षरसंख्या. वर ‘सरावासाठी लिहिलेला नमुना’ असं स्पष्ट लिहा. न केलेलं काम गिऱ्हाइकाचं म्हणून दाखवू नये.

नव्याने सुरू करणाऱ्याने माझ्या मते वर्णनं आधी घ्यावीत. काम जास्त नगांचं मिळतं, माल समजतो, आणि चूक झाली तर परतीतून लवकर कळते. जाहिरात चालली नाही, तर दोष ओळींचा, किमतीचा की पानावरच्या फोटोचा, हे सुरुवातीला ओळखता येत नाही. ज्याला घरबसल्या ३७ साड्यांचा कंटाळा येईल, त्याने मात्र संचाचीच कामं शोधावीत.

साडीवाल्याला उत्तर असं पाठवा: ‘४० वर्णनं, नगाला १०५ रुपये, एक दुरुस्ती धरून. तक्ता भरून आल्यावर काम सुरू. जाहिरातीचा संच ९००. अर्धे पैसे आधी. माहिती नंतर बदलली, तर त्या नगाचे पुन्हा १०५.’